'सासेरु' आणि 'सासेरारेरु': करायला लावलं, करू दिलं की गळ्यात मारलं?

प्रश्न: जपानी भाषेची एन-४ परीक्षा झाली, एन-३ ची तयारी चालू आहे. '-सासेरु' म्हणजे करायला लावणं की करू देणं, हे अजून धड कळत नाही. वाक्यावरून ओळखायचं कसं? आणि '-सासेरारेरु' म्हणजे कायम जबरदस्तीच का? परवा ऑफिसात मी म्हणाले, 'काचो नि हाप्प्यो सासेरारेमाशिता.' मला म्हणायचं होतं की साहेबांनी मला प्रेझेंटेशन करायची संधी दिली. सगळे जरासे हसले आणि विषय बदलला. काय चुकलं?

उत्तर:

लोकांना ऐकू आलं ते असं: 'साहेबांनी प्रेझेंटेशन माझ्या गळ्यात मारलं.' दुर्दैव म्हणजे तुमचं व्याकरण बिनचूक होतं. एखादा प्रत्यय चुकला असता तर 'परदेशी आहे, शिकतेय' म्हणून सोडून दिलं असतं. बिनचूक वाक्याला मात्र लोक बिनचूक अर्थ लावतात. मी गेली बरीच वर्षं पुण्यात जपानी-मराठी दुभाष्याचं काम करते, मधून मधून शिकवतेही, आणि हे वाक्य वर्षातून दोन-तीनदा तरी कुणाच्या ना कुणाच्या तोंडून ऐकते. चूक रूपाची नसते. ही रूपं भावना नेमकी कुठे ठेवतात, ते शिकवायचं राहून जातं.

रूपं थोडक्यात उरकते, कारण ती तुम्हाला येतात. नोमु (पिणे) चं नोमासेरु, ताबेरु (खाणे) चं ताबेसासेरु, सुरु चं सासेरु, कुरु चं कोसासेरु. त्यावर कर्मणीचा '-रारेरु' चढवला की नोमासेरारेरु, ताबेसासेरारेरु, सासेरारेरु. नोमुच्या जातीच्या क्रियापदांचं हे लांबलचक रूप बोलताना आखूड होतं आणि नोमासारेरु, इकासारेरु, मातासारेरु असं ऐकू येतं. पण मूळ क्रियापद 'सु'ने संपणारं असेल, म्हणजे हानासु (बोलणे) सारखं, तर आखूड रूप चालत नाही. तिथे हानासासेरारेरु असं पूर्णच म्हणावं लागतं. ताबेरुच्या जातीलाही आखूड रूप नाही.

आता तुमचा पहिला प्रश्न. मराठीत आपल्याला बोलण्याआधीच निवड करावी लागते. 'लावलं' म्हणायचं की 'दिलं' म्हणायचं, हे ठरल्याशिवाय वाक्य पुरंच होत नाही. 'आईने मुलाला खायला लावलं' आणि 'आईने मुलाला खाऊ दिलं' यांत गफलत होऊच शकत नाही. जपानी क्रियापद ही निवड करत नाही. नोमासेरु घ्या. 'आकाचान नि मिरुकु ओ नोमासेरु' म्हणजे बाळाला दूध पाजणं. 'कोदोमो नि कुसुरि ओ नोमासेरु' म्हणजे मुलाला औषध देणं, ते हसत घेतो की नाक दाबून घ्यावं लागतं हे त्या घरालाच ठाऊक. 'कोहाइ नि बीरु ओ नोमासेरु' म्हणजे हाताखालच्या पोराला बिअर प्यायला लावणं. क्रियापद तेच, प्रत्यय तेच. सासेरु एवढंच सांगतं की काम एकाच्या हातून घडलं आणि त्यामागे दुसरा कुणी आहे. मागे उभा असलेला ढकलत होता, की वाट मोकळी करून देत होता, की नुसता हात बांधून बघत होता, हे त्या रूपात लिहिलेलंच नाही.

ते आजूबाजूच्या शब्दांतून आणि जगाच्या रीतीतून कळतं. मुलाला 'यासाइ' (भाजी) ताबेसासेता म्हटलं की जबरदस्ती डोळ्यांसमोर येते, 'आइसु' (आइसक्रीम) ताबेसासेता म्हटलं की लाड. खात्री करून द्यायची असेल तर जपानी माणूस शब्द जोडतो: 'मुरि नि' आलं की जबरदस्ती, 'सुकि ना दाके' (हवं तेवढं) आलं की मोकळीक. त्यामुळे उतारा वाचताना सासेरुपाशी अडकून बसू नका, दोन शब्द मागे आणि एक वाक्य पुढे बघा.

इथे क्लासमध्ये शिकवतात तो 'ओ' आणि 'नि'चा नियम तुम्ही काढालच. 'कोदोमो ओ इकासेता' म्हणजे पाठवलं, 'कोदोमो नि इकासेता' म्हणजे जाऊ दिलं. नियम अगदीच खोटा नाही. 'ओ' लावला की ज्याच्याकडून करून घेतलं तो जरा वस्तूसारखा होतो, 'नि' लावला की त्याला स्वतःची इच्छा उरते. पण हा फरक फार तर एक कल आहे, आणि तोही अकर्मक क्रियापदांपुरता. ताबेरु, नोमु, काकु यांच्यासारख्या सकर्मक क्रियापदांत 'ओ'ची जागा आधीच भाजीने किंवा पत्राने अडवलेली असते आणि एका क्रियापदाला दोन 'ओ' जपानीत चालत नाहीत, म्हणून माणसाला 'नि'च लागतो. तिथे 'नि' दिसला म्हणून परवानगी समजलात तर फसाल. परीक्षेपुरता नियम लक्षात ठेवा, माणसांशी बोलताना त्याच्यावर भार टाकू नका.

मागे उभ्या असलेल्या माणसाची जबाबदारी किती खोल जाते, ते एका वेगळ्या वापरात दिसतं, आणि तो मला या सगळ्या विषयात सगळ्यांत सुंदर वाटतो. शिनु म्हणजे मरणे. 'किंग्यो ओ शिनासेते शिमात्ता' हे वाक्य एखादा लहान मुलगा रडवेल्या आवाजात म्हणतो. शब्दशः बघाल तर 'मी सोनमाशाला मारलं' असं वाटेल. पण त्याने मारलेलं नसतं. पाणी बदलायचं राहिलं, मासा मेला. मराठीत आपण म्हणू, 'माझ्या हातून मासा गेला.' हा 'माझ्या हातून' जपानीत सासेरु वाहून नेतो. फ्रिजमधली भाजी सडली तर 'यासाइ ओ कुसारासेते शिमात्ता', म्हणजे मी लक्ष दिलं नाही. भाजी स्वतःच सडली, पण बोलणारा दोष स्वतःकडे घेतो. युद्धात मुलगा गमावलेली आई 'मुसुको ओ सेन्सो दे शिनासेता' म्हणू शकते. तिने काहीही केलेलं नाही. 'त्याला वाचवणं माझ्याच्याने झालं नाही' हे तिचं आयुष्यभराचं ओझं त्या एका प्रत्ययात असतं. तीच आई 'मुसुको नि शिनारेता' म्हणाली, तर ते साधं कर्मणी रूप झालं आणि अर्थ फिरला: मुलगा गेला आणि माझ्यावर आभाळ कोसळलं. दोन्हीत दुःख तेवढंच. पहिल्यात बोट स्वतःकडे, दुसऱ्यात घाव स्वतःवर.

याच कारणामुळे वरिष्ठांबाबत सासेरु वापरत नाहीत. 'सेन्सेइ नि काकासेता' म्हटलं की तुम्ही सरांच्या मागे उभ्या राहून त्यांच्याकडून लिहून घेताय असं चित्र उभं राहतं. तिथे 'सेन्सेइ नि काइते इतादाइता' म्हणायचं. अपवाद भावनांचा: 'सेन्सेइ ओ ओकोरासेते शिमात्ता' (सरांना राग आणला) हे चालतं, कारण त्यात सरांना कामाला लावलेलं नाही, चूक आपल्या अंगावर घेतलेली आहे.

आता तुमचं सासेरारेरु. सासेरु 'लावलं' आणि 'दिलं' या दोन्हींना पोटात घेऊन बसतं, हे आपण पाहिलं. त्याला कर्मणी केलं की त्यातलं 'दिलं' गळून पडतं. नोमासारेता याचा अर्थ 'मला पिऊ दिलं' असा होऊच शकत नाही. 'प्यावं लागलं, कुणीतरी पाजली' एवढाच उरतो. 'बोनेन्काइ दे जोशि नि नोमासारेता' म्हटलं की वर्षअखेरच्या पार्टीत बॉस ग्लास भरत राहिला आणि बिचाऱ्याला नको म्हणता आलं नाही, हे चित्र पुरं होतं. वेगळं 'इच्छा नसताना' म्हणायची गरज नाही.

मग परवानगी मिळाली, उपकार झाले, हे सांगायचं कसं? तिथे कर्मणीच्या जागी देण्या-घेण्याची क्रियापदं येतात. हे एकाच प्रसंगावर लावून दाखवते. मुलगी सहा वर्षांची, आईने तिला पियानोच्या क्लासला घातलं. घडलं ते एवढंच. तीस वर्षांनी ती मुलगी हे चार प्रकारे सांगू शकते.

'हाहा वा वाताशि नि पिआनो ओ नारावासेता.' आईने मला पियानो शिकायला घातलं. यात मुलीचं मन कळत नाही. चरित्रकार लिहील तसं हे वाक्य आहे.

'वाताशि वा हाहा नि पिआनो ओ नारावासारेता.' आईने मला पियानो शिकायला लावलं. बाहेर मैत्रिणी खेळत होत्या आणि मी पट्ट्या बडवत होते. पुढचं वाक्य बहुधा 'अजूनही पियानो दिसला की...' असं येणार.

'हाहा गा पिआनो ओ नारावासेते कुरेता.' आईने मला पियानो शिकवला, फी भरली, नेलं-आणलं. कर्ता आई आहे, प्रकाश आईवर आहे.

'हाहा नि पिआनो ओ नारावासेते मोरात्ता.' आईमुळे मला पियानो शिकायला मिळाला. कर्ता मी आहे. जे मिळालं ते मला मिळालं, आणि ते मी मानते. 'शिकायला मिळालं' हा मराठीतला 'मिळालं' इथे जवळजवळ तंतोतंत बसतो.

दुसरं आणि चौथं वाक्य शेजारी ठेवून पाहा. 'वाताशि वा' सोडलं तर 'हाहा नि पिआनो ओ' हा भाग दोन्हीत एकच. दोन्हीत बोलणारीच कर्ता, दोन्हीत आईला 'नि'. फरक फक्त शेपटीत, -सारेता की -सेते मोरात्ता. म्हणूनच घोटाळा होतो. आपण मनात 'साहेबांकडून मला करायला मिळालं' असं जुळवतो, 'साहेबांकडून'ला 'नि' लावतो आणि 'मला मिळालं' हे कर्मणीसारखं वाटतं म्हणून '-रारेरु' जोडतो. तुमच्या वाक्याचं नेमकं हेच झालं असणार.

एक सापळा इथेच दाखवून ठेवते, कारण मोराउ आला की तो येतोच. 'शाशिन ओ तोत्ते मोराउ' यात फोटो समोरचा काढतो. 'शाशिन ओ तोरासेते मोराउ' यात फोटो मी काढते, समोरचा काढू देतो. देवळाबाहेर कुणाच्या हातात स्वतःचा फोन देऊन 'तोरासेते कुदासाइ' म्हणालात, तर तो गोंधळून तुमचा फोन परत करेल आणि स्वतः पोझ देऊन उभा राहील. माझ्या एका विद्यार्थ्याच्या बाबतीत हे घडलं आहे. फोटो मात्र छान आला होता.

'सासेरारेरु म्हणजे कायम जबरदस्तीच का' या तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: जोर करणारा माणूस असेल तर हो. पण कधी कधी जोर करणारा माणूस नसतोच. 'कांगाएसासेरारेरु एइगा' म्हणजे आपल्या मराठीत 'विचार करायला लावणारा सिनेमा'. इथे कुणी दंडुका घेऊन उभं नाही. सिनेमा संपला, दिवे लागले आणि विचार आपोआप यायला लागले. ओदोरोकासारेता (थक्क झालो), कांगेकि सासेरारेता नाही तर कांदो सासेरारेता (मन भरून आलं), हे सगळं याच घरातलं. इथे इच्छेविरुद्ध असं काही नाही, फक्त इच्छेला विचारलेलं नाही. आपल्याकडे 'मला राहवलं नाही', 'ते बघवेना' यातला 'व' हेच काम करतो: भावना माझ्यात झाली, पण मी ती केली नाही. ओळखायची खूण सोपी आहे. 'नि'च्या मागे माणूस आहे आणि क्रियापद हातापायाचं आहे (जाणे, पिणे, लिहिणे, थांबणे), तर ओझं समजा. 'नि'च्या मागे गोष्ट, पुस्तक, कुणाचे शब्द आहेत आणि क्रियापद मनाचं आहे, तर भावना समजा. मधल्या जागाही आहेत. 'कारे नि वा इत्सुमो नाकासारेरु' यात क्रियापद रडण्याचं असलं तरी खरं रडणं नसतं, त्याने कायम जीव नकोसा केलाय एवढाच अर्थ.

हे कर्मणी रूप जपानीला इतकं जवळचं का, तेही इथे दिसतं. 'त्या बातमीने मला चकित केलं' या थाटाचं 'सोनो शिरासे वा वाताशि ओ ओदोरोकासेता' व्याकरणात बसतं, पण भाषांतरित वाटतं. बातमीला कर्ता करण्यापेक्षा 'सोनो शिरासे नि ओदोरोकासारेता' असं माणसाला कर्ता ठेवलेलं बरं वाटतं. मराठी कानाला हे नवं नाही, आपणही 'बातमी ऐकून मी चाटच पडले' असंच म्हणतो.

राहिलं 'सासेते इतादाकु'. मोराउचं हे नम्र रूप ऑफिसात दिवसाला पन्नासदा कानावर पडत असेल. जपानच्या सांस्कृतिक व्यवहार विभागाच्या सल्लागार मंडळाने २००७ साली आदरार्थी भाषेची मार्गदर्शिका काढली, त्यात याच्या योग्य वापराचे दोन आधार दिले आहेत: समोरच्याची किंवा तिसऱ्या कुणाची परवानगी घेऊन काम करणं, आणि त्यातून आपल्याला लाभ होतोय ही वस्तुस्थिती किंवा भावना असणं. दोन्ही जितके भक्कम तितका वापर चपखल. साहेबांनी संधी दिली आणि तुम्ही बोललात, यात दोन्ही आहेत. दुकानाच्या दारावरच्या 'होन्जित्सु क्यूग्यो सासेते इतादाकिमासु' (आज दुकान बंद) या पाटीत परवानगी कुणी दिली, असं विचारण्यात अर्थ नाही. ते गिऱ्हाइकाच्या अडचणीपुढे केलेलं नमन आहे.

पण नम्र रूप नेहमी नरमाईचं असतं असं समजू नका. नवरा-बायकोच्या भांडणातलं ठरलेलं वाक्य आहे, 'जिक्का नि काएरासेते इतादाकिमासु.' शब्दांत म्हणते, 'माहेरी जाण्याची अनुमती घेते', आणि बॅग दारात भरलेली असते. 'इवासेते मोराउ केदो' (जरा बोलते आता) ऐकलं की समोरचा सावरून बसतो. आणि 'सुकोशि कांगाएसासेते कुदासाइ' (जरा विचार करू द्या) हे बैठकीत ऐकलं, तर आमच्या पुण्यातल्या इंजिनिअरांप्रमाणे आठवडाभर उत्तराची वाट बघू नका, बहुतेक वेळा तेच उत्तर असतं. परवानगी मागणारं रूप आहे, पण परवानगी न देण्याची सोय त्यात ठेवलेली नसते.

याच रूपात एक चूक जपानी लोकही करतात: योमासेते इतादाकु ऐवजी योमासासेते इतादाकु, इकासेते ऐवजी इकासासेते. जास्त नम्र करण्याच्या नादात एक 'सा' जास्त घुसतो. तुम्ही ऐकाल, उचलू नका.

आणि मातासेरु-मातासारेरु. उशिरा पोचलेल्याने 'ओमातासे शिमाशिता' म्हणायचं, म्हणजे 'मी तुम्हाला ताटकळत ठेवलं.' ताटकळलेल्याने घरी जाऊन बायकोला 'इचिजिकान मो मातासारेता' म्हणायचं, 'तासभर ताटकळत ठेवलं मला.' माझ्या पहिल्या वर्षी एका कारखान्यात मी पाहुण्यांपुढे वीस मिनिटं उशिरा पोचले आणि वाकून म्हणाले, 'मातासारेमाशिता, सुमिमासेन.' म्हणजे मी उशिरा आले, आणि वर तक्रारही माझीच. पाहुण्यांपैकी सर्वांत वयस्कर गृहस्थांनी शांतपणे म्हटलं, 'इइए, कोचिराकोसो' (छे, आमचंच चुकलं). ते विनोद करत होते हे मला गाडीत परत येताना कळलं.

तुमच्या साहेबांकडे परत येते. विषय निघाला तर जुन्या वाक्याचा खुलासा करत बसू नका, खुलाशात ते वाक्य पुन्हा उच्चारावं लागेल. पुढच्या भेटीत किंवा मेलच्या पहिल्या ओळीत एवढंच: 'सेन्जित्सु वा हाप्प्यो सासेते इतादाकि, आरिगातो गोझाइमाशिता.' इथे 'काचो नि' गाळायचं. इतादाकु आला की कुणाकडून मिळालं ते समोरच्याला कळतंच. रूप जड वाटलं तर 'हाप्प्यो नो किकाइ ओ इतादाकि' (सादरीकरणाची संधी मिळाली) म्हणा, त्यात सासेरु नाहीच आणि जीभ अडखळण्याचा धोकाही नाही. आणि पुढच्या वेळी खरंच कुणी नको असलेलं प्रेझेंटेशन शुक्रवारी संध्याकाळी तुमच्या टेबलावर आणून टाकलं, तर परवाचं वाक्य मैत्रिणीला सांगायला तयारच आहे.